माल अडतो नेमका कुठे?

“मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो. माल वेळेवर निघत नाही आणि बोलणी मलाच बसतात. सगळे इतके गुंतले आहे, की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. नोकरी सोडू का?”

राजीनाम्याचा निर्णय थोडा लांबवून आम्ही आधी कागदावर एक वृक्ष काढला. कारणे मी तेव्हा विचारली नाहीत, कारण प्रश्नाची फोड न करता ‘का’ विचारत गेले, की मनात आधीच ठसलेल्या एकाच कारणामागे माणूस धावतो. उशीर झालेल्या मालाच्या दोनच फांद्या केल्या : ठरल्या दिवशी माल तयारच नव्हता, किंवा तयार असूनही निघाला नाही. या फांद्या एकमेकींत मिसळत नाहीत आणि दोन्हींबाहेर काही उरत नाही. फोड बरोबर झाली की नाही, हे यावरूनच कळते. दुसऱ्या फांदीचे पुढे तपासणी, कागदपत्रे आणि वाहन असे भाग पडले.

मग त्यांनी रजिस्टरमधून महिन्याभरातल्या उशिराच्या 24 नोंदी काढून फांद्यांवर मांडल्या. 7 वेळा माल तयार नव्हता आणि 17 वेळा तो तयार होऊन पडून होता. त्यांतल्या 11 वेळा तपासणीच्या प्रमाणपत्रावर सही झालेली नव्हती, 4 वेळा वाहन आले नव्हते आणि 2 वेळा कागद अपुरे होते. त्यांची स्वतःची सगळी चिडचिड मात्र ट्रान्सपोर्टवाल्यावर होती!

‘का’ची साखळी आम्ही फक्त त्या 11 नोंदींवर चालवली. सही उशिरा का होते? “तपासणीचे साहेब ढिले आहेत,” असे उत्तर लगेच आले. त्या जागी दुसरा माणूस बसवला तर सही लवकर होईल का, असे मी विचारले, तेव्हा ते थबकले. माणसाच्या स्वभावापाशी थांबलेले उत्तर बहुधा अर्धवट असते. आवक-नोंदीतल्या वेळा पाहिल्यावर दिसले, की तपासणीकडे माल चारनंतर एकदम येतो. का? ट्रॉली पूर्ण भरेपर्यंत हलत नाही. का? उत्पादन विभागाच्या खात्यात पूर्ण लॉटच मोजला जातो, अर्धा नाही.

‘का’ पाच वेळा विचारावे असे म्हणतात, पण पाच हा आकडा काही शास्त्राने घालून दिलेला नाही; बदलता येईल असा नियम हाती लागला, की थांबावे. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी दिलेल्या प्रसिद्ध उदाहरणात बंद पडलेल्या यंत्राचा माग वितळलेल्या फ्यूजपासून वंगणाच्या पंपाला गाळणी नसण्यापर्यंत जातो. फ्यूज नुसता बदलला असता, तर तो पुन्हा गेला असता. आमची साखळी ‘म्हणून’ घालून उलटी वाचून पाहिली : पूर्ण लॉटच मोजतात, म्हणून ट्रॉली थांबते, म्हणून माल चारनंतर येतो, म्हणून सही उशिरा होते. कुठेही अडखळले नाही.

अर्धा लॉट दुपारी बाराला तपासणीकडे पाठवावा आणि तो खात्यात धरावा, एवढीच मागणी त्यांनी कागदासह व्यवस्थापकांपुढे ठेवली. माल तयार नसल्याच्या 7 नोंदी खरेदी विभागाच्या निघाल्या; त्या त्यांनी स्वतःच्या अंगावर न घेता वेगळ्या पानावर लिहून दिल्या.