फोटोतला फॉर्म भरताना आधी कागद ओळख

भाऊ, यावलहून आलेला उत्पन्नाच्या दाखल्याच्या फॉर्मचा फोटो पाहिला. खालची कड कापली गेलीय, आणि जोडायच्या कागदांची यादी बहुधा तिथेच किंवा मागच्या बाजूला असते. म्हणून लोकांना दाखवायचा नमुना भरण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो पुन्हा मागव.

मग प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीने कागदाचं नाव लिही. नाव-पत्त्याला आधार. उत्पन्नाचं साधन ‘शेती’ असेल तर सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल.

नवखा माणूस हमखास फसतो तो ‘खाते क्रमांक’ला. तो रकाना गट क्रमांकाच्या शेजारी असेल तर तिथे बँकेचं खातं नको, आठ-अ वरचा क्रमांक हवा. गट क्रमांक मात्र सातबाऱ्यावरून घ्यायचा. केळीचं दोन एकराचं रान असेल तर नमुना असा: ‘गट क्र. ११२, खाते क्र. ४५, क्षेत्र ०.८१ हे.’ शेतकरी एकरात सांगतो, पण उतारा हेक्टर-आरमध्ये असतो. अंदाजे रूपांतर करू नकोस, उताऱ्यावरचाच आकडा उतरव.

उत्पन्नाचा आकडा नमुन्यातही कोराच ठेव. आपण सहज टाकलेला आकडा लोक तसाच उतरवतात, मग तो तलाठ्याच्या अहवालाशी जुळत नाही.