भावंडांना पाठवायच्या पत्राबद्दल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ताईला आणि दादाला पाठवायचं तुझं पत्र वाचलं. ‘बाबांना कॅन्सर निघालाय, ऑपरेशन आहे, लवकर या’ एवढ्यावर ते संपतं. असं पत्र गेलं की दोघं धावत नाशिकला येतील, थिएटरबाहेर सगळे मिळून बसाल आणि आठवड्याभरात रजा संपली म्हणून एक जळगावला, एक पुण्याला परतेल. रेडिएशन विभागात नर्स म्हणून नोकरी झाली माझी. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटमागे दहा माणसं आणि पाचव्या आठवड्यात एकटी बायको, हे तिथे नेहमीचं दृश्य. पत्र पुन्हा लिही, आणि कामाची वाटणी उपचाराच्या तारखा समोर ठेवून कर.

आधी आजार, रिपोर्टमध्ये आहे तसा. डाव्या गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, बायोप्सीत ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, स्कॅनमध्ये मानेतली एक गाठ संशयास्पद, छाती स्वच्छ. स्टेजचा आकडा ठामपणे लिहू नकोस. काढलेला भाग आणि गाठी तपासल्यावर येणाऱ्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरच तो पक्का होतो. बाबांना सगळं माहीत आहे, हेही लिही. नाहीतर ताई फोनवर ‘साधी गाठ आहे हो’ म्हणत बसेल आणि बाबा तिच्याशी बोलणंच टाळतील.

आता पुढचं. ऑपरेशननंतर साधारण आठवडा-दहा दिवस दवाखान्यात. जखम भरली की रेडिएशन, शक्यतो ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत. तुमच्या डॉक्टरांनी 30 फ्रॅक्शन सांगितलेत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे सहा आठवडे. कापलेल्या कडेशी कॅन्सर उरला असेल किंवा तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आला असेल, तर सोबत बहुतेक दर आठवड्याला किमोही. रेडिएशन सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून किडलेले दात काढून घ्या. रेडिएशन घेतलेल्या जबड्यात नंतर दात काढला तर जखम भरता भरत नाही.

रेडिएशनचे पहिले दोन आठवडे बाबा स्वतः रिक्षाने जाऊन येतील आणि तुम्हाला वाटेल, उगाच घाबरलो. तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड, चव गेलेली, लाळ चिकट. चौथ्यापासून गिळणं अवघड होतं आणि सगळ्यात वाईट दिवस येतात ते शेवटच्या आठवड्यात आणि रेडिएशन संपल्यावर दोन-तीन आठवडे. ‘ट्रीटमेंट संपली’ म्हणून लोक पेढे वाटतात, तेव्हा पेशंटला पाणीही गिळवत नसतं.

म्हणून ऑपरेशन आणि रेडिएशनचे पहिले तीन आठवडे तुझ्याकडे ठेव, तू नाशिकमध्येच आहेस. दादाला चौथा ते सहावा आठवडा माग. लॅपटॉप घेऊन तो इथून काम करू शकेल. ताईला रेडिएशन संपल्यानंतरचे तीन आठवडे. मुलांच्या शाळेमुळे तिला नाही जमलं तर आत्ताच सांगू दे, म्हणजे रोजाने माणूस ठेवता येईल आणि त्याचे पैसे ती आणि दादा देतील. वहिनीचं नाव परस्पर लिहू नकोस. आपल्याकडे मुलगे वाटणी करतात आणि काम सुनेच्या पदरात पडतं. आईला रात्रपाळी देऊ नकोस.

प्रत्येकाला काय करावं लागेल, तेही लिही. तोंडाने खाणं जमेना तर नाकातून नळी घालतात. दर दोन-तीन तासांनी पातळ, गाळलेलं खाणं, एका वेळी 200 मिलीच्या आसपास. बाबांना ताठ बसवायचं, सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची, उंच धरायची आणि खाणं आपोआप उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. मग पाणी, नाहीतर नळी तुंबते. नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. नळी जराही बाहेर सरकलेली दिसली किंवा ठसका लागला, तर तिथेच थांबून दवाखान्यात फोन. दादा येईल तेव्हा तू तिथे असताना दोनदा त्याच्या हातून करून घे.

दर सोमवारी वजन करून वहीत लिहायचं. ते भराभर उतरायला लागलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं. किमो चालू असेल आणि ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्री दोन वाजताही निघायचं. रेडिएशनचा दिवस चुकवायचा नाही. मधे खंड पडले की उपचाराचा जोर कमी होतो. लग्न-मुंज असली तरी त्या दिवशी ज्याची पाळी, त्याने बाबांना न्यायचंच.

पैशांचं दादाकडे दे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार दोन्हींवर बाबांचं नाव सारखं आहे का, ते त्याने याच आठवड्यात बघावं. दवाखाना योजनेत आहे का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं; मंजुरी आधी घ्यावी लागते.

पत्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नकोस, तिथे काका-मामांचे सल्ले सुरू होतील. दोघांना वेगळं पाठव आणि रविवारपर्यंत आपापल्या तारखा कळवा म्हणून लिही.

तुझी,
मावशी