पत्र्यावरचा पाऊस, स्क्वाड आणि माईक

प्रश्न: मालवणजवळ राहतो. रात्री मित्रांबरोबर बीजीएमआय खेळताना ते म्हणतात, तुझ्याकडून आमचाच आवाज परत येतो, आणि पत्र्यावरच्या पावसात तुझं बोलणं कळत नाही. नॉइज कॅन्सलेशनवाले इअरबड्स घेतले तर पावलांचा आवाजच बिघडला. काय करू?

इअरबड्स गाणी ऐकायला ठेवा आणि गेमसाठी माईक असलेला साधा वायरचा इअरफोन घ्या. दीड-दोनशे रुपयांचाही चालेल. फक्त जॅकवर तीन काळ्या पट्ट्या आहेत ना ते बघा. दोनच असतील तर त्यात माईक नाही. फोनला गोल जॅक नसेल तर टाईप-सीचा इअरफोन घ्या. माझं कणकवलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळा लागला की ही तक्रार घेऊन येणारी पोरं वाढतात, आणि बहुतेकांचा फोन ठणठणीत असतो.

आधी प्रतिध्वनीचं बघू, कारण त्यात सगळ्यांचीच फसगत होते. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याला वाटतं आपल्याच फोनमध्ये बिघाड आहे. प्रत्यक्षात दोष असतो ज्याला काहीच परत ऐकू येत नाही त्याच्याकडे. चौघांच्या स्क्वाडमध्ये तुम्ही स्पीकरवर खेळत असाल, तर बाकी तिघांचं बोलणं तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतं, तुमच्याच माईकमध्ये शिरतं आणि क्षणभराने त्यांच्याकडे परत जातं. तुम्ही मात्र निवांत. खात्री करायची तर लॉबीत एकेकाने माईक बंद करायचा. ज्याचा बंद झाल्यावर प्रतिध्वनी थांबला, तो धनी.

मग फोनमध्ये प्रतिध्वनी काढायची सोय असते, ती काय करते? समोरून आलेला आवाज तिला आधीच माहीत असतो. माईकमध्ये त्याची नक्कल दिसली की ती तेवढी वजा करते. फोन कानाला लावून बोलताना हे छान जमतं. गेममध्ये फोन आडवा असतो, आवाज पूर्ण वाढवलेला असतो आणि चिमुकला स्पीकर घरघरायला लागतो. घरघरलेला आवाज मूळ आवाजासारखा राहत नाही, त्यामुळे वजाबाकी नीट होत नाही. त्यात तुमच्यासारखी खोली असेल, चिऱ्याच्या भिंती, खाली लादी, वर पत्रा, तर आवाज इकडून तिकडे आपटत राहतो आणि उरलेली शेपटी मित्रांना ऐकू जाते. ती सोय जास्त जोर लावते तेव्हा वेगळाच त्रास होतो. दोघे एकदम बोलले की ती तुमचा आवाजही दाबते. "तू मध्येच तुटतोस" असं मित्र म्हणत असतील तर नेटला शिव्या देण्याआधी स्पीकर बंद करून बघा. स्पीकरशिवाय इलाजच नसेल तर आवाज निम्म्यावर आणा, म्हणजे निदान घरघर थांबेल.

आडव्या फोनची आणखी एक गंमत आहे. बोलायचा माईक चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो, आणि फोन आडवा धरला की नेमका तळहाताखाली जातो. समोरच्याला तुम्ही गोधडीतून बोलताय असं वाटतं. फोन उलटा फिरवून आडवा धरला तर तो दुसऱ्या हाताकडे जातो. काहींना त्याने फरक पडतो, पण खरा उपाय इअरफोनचा माईक हाच.

आता इअरबड्स. डब्यावर लिहिलेलं नॉइज कॅन्सलेशन बहुधा तुमच्या कानांसाठी असतं. बाहेरचा पाऊस तुम्हाला कमी ऐकू येतो, मित्रांना तेवढाच जातो. बोलणाऱ्याचा आवाज साफ करणारी सोय वेगळी असते आणि दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतो. पावलांचा आवाज बिघडायचं कारण मात्र ब्लूटूथमध्येच आहे. गाणी ऐकताना ते दोन कानांना दोन वेगळे आवाज, चांगल्या दर्जाचे, पाठवतं. त्या वेळी इअरबड्सचा माईक बंद असतो. गेमने तो माईक मागितला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते. मग दोन्ही कानांत एकच, कॉलच्या दर्जाचा आवाज येतो. शत्रू डावीकडून येतोय की उजवीकडून, हे कळायचं साधनच जातं. शिवाय ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो, तो वेगळाच. महागडे घेतले तरी नेहमीच्या ब्लूटूथवर ही अडचण राहते. वायरला यातलं काहीच लागू नाही.

वायर घेतली की माईक कुठे लोंबतो ते पाहा. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. पाऊस चहूबाजूंनी येतो, त्यामुळे माईक वितभर इकडे-तिकडे सरकवला तरी पाऊस तेवढाच राहतो. तुमचं तोंड मात्र एकाच जागी आहे. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की माईकवर तुमच्या आवाजाचा दाब साधारण दुप्पट होतो. म्हणजे पावसाला हात न लावता तुम्ही त्याच्या वर येता.

माझा भाचा देवगडला असतो आणि पडवीत बसून खेळतो. वर नुसता पत्रा. त्याचे मित्र म्हणायचे, "अरे, पाऊसच ऐकाक येता, तू खंय आसस?" आम्ही एका मित्राला त्याच्या बाजूने स्क्रीन रेकॉर्डिंग करायला लावलं, कारण आपला आवाज पलीकडे कसा पोचतो हे आपल्या फोनवर कधीच कळत नाही. भाच्याला एक वाक्य ठरवून दिलं: "समोरच्या शेडमागे सहा जण." स आणि श मुद्दाम भरपूर घेतले होते. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं ते "...मोरच्या ...ेडमागे ...हा जण", आणि मागे पावसाचा सपाट आवाज, मध्येच कर्रकर्र.

कर्रकर्र होती शर्टाच्या बटणाची. वायरवरचा माईक छातीवर लोंबत होता आणि मान हलवली की बटणाला घासत होता. त्यात एक कान मोकळा, आई हाक मारील म्हणून. तो मोकळा इअरफोन माईकच्या बाजूलाच लोंबत होता, म्हणजे मित्रांचा आवाज सरळ माईकला. वायरच्या इअरफोनवरही प्रतिध्वनी येतो तो असा. आम्ही एवढंच केलं: वायर मानेमागून घेऊन एका बाजूने पुढे आणली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने कॉलरला अशी पकडली की माईक जबड्याच्या कोपऱ्याखाली, तोंडापासून चार-पाच बोटांवर राहील. ओठांच्या अगदी समोर नाही, कारण प आणि फ म्हणताना हवेचा झोत बसतो आणि भप्प असा आवाज होतो. माईकचं बारीक भोक बाहेरच्या बाजूला. दुसरा इअरफोन कानात, आणि आईला सांगितलं की हाक मारू नको, येऊन खांद्याला हात लाव. हेडसेट दांडीच्या माईकचा असेल तर दांडी ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, दोन बोटं लांब ठेवा.

एवढ्यावर कर्रकर्र आणि प्रतिध्वनी गेले, पाऊस मागे पडला, पण "सहा"चा स अजून अर्धाच येत होता. ही करामत नॉइज सप्रेशनची, म्हणजे मागचा गोंगाट गाळणाऱ्या सोयीची. पंख्याची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते. ती कापली तर बोलण्याचं फारसं बिघडत नाही. पत्र्यावरचा पाऊस खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, आणि स, श, फ ही अक्षरं म्हणजे तोंडाने काढलेला तसलाच सूंसूं आवाज. गाळणीला फरक कळत नाही, ती दोन्ही कापते. भाचा डिस्कॉर्डवर बोलत होता आणि तिथलं Noise Suppression चालू होतं. शिवाय फोनच्या गेम मोडमधली आवाज साफ करायची सोयही चालू होती. एकाने कापलेलं दुसरा परत कापत होता. गेम मोडमधली बंद केली, डिस्कॉर्डची ठेवली, आणि स परत आला. तुम्हीही कुठलीतरी एकच ठेवा. बोलणं पाण्याखालून आल्यासारखं किंवा रोबोटसारखं वाटलं तर दोन चालू आहेत असं समजा.

डिस्कॉर्डच्या त्याच सेटिंगमध्ये Echo Cancellation चालू राहू द्या, पण Automatic Gain Control बंद करून बघा. ती सोय तुम्ही गप्प बसलात की कोणी हळू बोलतंय असं समजून माईक वाढवत नेते, आणि वाढतो तो पाऊस. माईक तोंडाजवळ आला की तिची गरज फारशी उरत नाही.

सप्रेशनकडून एक अपेक्षा ठेवू नका. शेजारच्या घरातलं भजन, टीव्हीवरची मालिका, पडवीत बसलेल्या काकांच्या गप्पा हेही माणसांचेच आवाज आहेत, आणि तुमचं बोलणं कुठलं ते गाळणीला नेहमी कळत नाही. गणपतीच्या दिवसांत तर विसराच. तिथे दाबून बोलायचं बटण वापरा, बोलून झालं की सोडा. बोट त्यात अडकतं ही तक्रार रास्त आहे, म्हणून बटण डाव्या तर्जनीला येईल असं वरच्या कोपऱ्यात ठेवा.

गेमचा आणि डिस्कॉर्डचा माईक एकाच वेळी चालू ठेवू नका. अँड्रॉइड बहुधा एकालाच खरा आवाज देतं आणि दुसऱ्याकडे नुसती शांतता जाते. "माईक हिरवा दिसतोय पण ऐकू येत नाही" ही तक्रार अनेकदा यातलीच असते. डिस्कॉर्डवर बोलणार असाल तर गेममधला माईक बंद, आणि गेममध्येच बोलणार असाल तर तो टीमपुरता ठेवा, सगळ्यांसाठी नको.

हे सगळं करूनही खरखर राहिली तर जॅक बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जॅकच्या पिनेवर हिरवट थर चढतो आणि वायर जराशी हलली की खर्रर्र होतं. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पीन पुसा, पूर्ण सुकू द्या, मग घाला. फोनच्या माईकच्या भोकात सुई मात्र घालू नका. तिथे जाळीमागे पातळ पडदा असतो, तो फाटला की माईक बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मऊ कोरड्या ब्रशने वरवर झाडा, आणि तरीही आवाज बसलेलाच वाटला तर फोन उघडून बघायला दुकानात न्या.