परदेशातून आई-बाबांना पत्र: आवाज, चित्रं आणि कॅप्शन

प्रश्न: मी सांगलीचा, सध्या जर्मनीत शिकतोय. जानेवारीत आई-बाबांच्या लग्नाला 25 वर्षं होतायत. पत्र वाचतोय असा माझा आवाज, त्यावर इथले-तिथले शॉट आणि खाली कॅप्शन, असा चार मिनिटांचा व्हिडिओ करतोय. पत्र 620 शब्दांचं झालंय. जोडून पाहिलं तर गॅदरिंगमधलं निवेदन वाटतं. आईला थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे कॅप्शन हवेतच. कुठे चुकतंय?

उत्तर: आधी गणित करू. सावकाश, घरच्यासारखं बोललं तर मराठीत मिनिटाला साधारण 110 शब्द होतात. म्हणजे तुझं पत्र न थांबता वाचलं तरी साडेपाच मिनिटांच्या वर जातं. ते चार मिनिटांत बसवायला तू पळतोयस, आणि निम्मं निवेदन तिथूनच येतंय. चार मिनिटांतलं एक मिनिट तरी बोलणं नको, नुसतं चित्र आणि तिथला आवाज. उरली तीन मिनिटं, म्हणजे 330 शब्द. जवळजवळ निम्मं पत्र जाणार. वाईट वाटेल, पण काप.

काय कापायचं ते सांगतो. मी विश्रामबागेत बसून वर्षभर लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यात अशी पत्रं अधूनमधून येतात. प्रत्येकात 'इथे खूप थंडी आहे', 'तुमची खूप आठवण येते', 'तुमच्यामुळे मी इथे पोहोचलो' ही वाक्यं असतातच. फोनवर हे शंभरदा बोलून झालेलं असतं. त्यांना माहीत नसलेलं काय आहे, ते ठेव.

निवेदनाचा दुसरा अर्धा भाग भाषेत आहे. 'तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार' अशी सुरुवात केली असशील तर ठेव, पत्राचा थाट आहे तो. पण पुढे 'मी येथे स्वयंपाक करीत आहे, असे वाटते की' असं लिहिलंस, तर तोंडही तसंच चालणार. कागदावरच 'करतोय', 'वाटतं', 'इथं' लिही. आणि पूर्ण पत्र दोघांना मिळून 'तुम्ही, तुम्ही' करत वाचू नकोस. बहुतेक घरांत आई 'तू' असते आणि बाबा 'तुम्ही'. तुझ्याकडे तसं असेल तर त्याचा उपयोग कर. सुरुवात दोघांना, मग 'आई, तू' म्हणून एक तुकडा, मग 'बाबा, तुम्ही' म्हणून एक. सर्वनाम बदललं की आवाज आपोआप बदलतो, अभिनय करावा लागत नाही. हे तुकडे वेगवेगळ्या बैठकीत रेकॉर्ड कर. गोधडी किंवा जाड रजई डोक्यावरून घे, म्हणजे खोली घुमणार नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धर, म्हणजे 'प' आणि 'फ' ला फुंकर आपटणार नाही.

आवाज आधी कापून घे, चित्रं नंतर बसव. उलटं केलंस की शॉट पुरवायला वाक्यं ओढावी लागतात.

आता चित्रं. बोलण्यात जे आहे तेच पडद्यावर दाखवायचं नाही. मागे एका मुलीचं काम केलं होतं. तिचं वाक्य होतं, 'आई, तुझ्या हातच्या जेवणाची आठवण येते', आणि वर आईच्या ताटाचा फोटो. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, म्हणून बघणाऱ्याला काही उरत नाही. तिच्याशी बोलता बोलता कळलं की सांगलीहून नेलेला कुकर ती काचेच्या सपाट शेगडीवर लावते, आणि शिट्ट्या झाल्या की हात सवयीनं गॅसचं बटण शोधतो. मग वाक्य असं केलं: 'कुकरची तिसरी शिट्टी झाली की माझा हात अजून गॅसच्या बटणाकडे जातो. इथे गॅसच नाही.' पहिल्या वाक्यावर चित्र सांगलीच्या ओट्याचं, कुकर, वाफेनं धुरकटलेली खिडकी. शिट्टीचा आवाज चित्राच्या एक सेकंद आधी सुरू केला. 'इथे गॅसच नाही' म्हटल्यावर तिच्या खोलीतली काळी शेगडी, आणि दोन सेकंद शांतता. जेवण कुठेच दाखवलं नाही.

सांगलीचे शॉट तिथल्या एखाद्या चुलतभावाकडून मागव. फोन आडवा, हात न हलवता प्रत्येकी दहा सेकंद, तोंडानं काही न बोलता. आयर्विन पूल आणि गणपती मंदिर एकेक पुरे, ते सगळ्यांच्याच व्हिडिओत असतात. खरे शॉट म्हणजे बाबांची गाडी सुरू होताना, फाटकाची कडी, दारातल्या चपला. व्हॉट्सॲपवर शॉट साधे पाठवले तर चित्र दबून खराब होतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. हिवाळ्यात तुमच्यात साडेचार तासांचा फरक असतो. तुझ्या खिडकीवर 'संध्याकाळ 6' आणि लगेच घराच्या पोर्चवर 'सांगली, रात्र 10:30' एवढं लिहिलं तरी दोन वाक्यं वाचतात. पण शॉट उन्हाळ्यातला असेल तर फरक साडेतीन तासांचा असतो, ते तपास. बाबा असली चूक लगेच पकडतात.

कॅप्शन ही तुझ्या बाबतीत सजावट नाही, आईसाठी तोच आवाज आहे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पूर्ण वाक्य एकदम दाखवणं. 'इथे गॅसच नाही' आधीच वाचलं गेलं तर थांबण्याला अर्थ उरत नाही. म्हणून असं तोड:

```
12
00:01:04,200 --> 00:01:10,200
कुकरची तिसरी शिट्टी झाली की
माझा हात अजून गॅसच्या बटणाकडे जातो.

13
00:01:11,400 --> 00:01:13,600
इथे गॅसच नाही.
```

ओळ 'झाली की' नंतर तुटली आहे, बोलताना श्वास घेतो तिथेच. 'गॅसच्या' एका ओळीत आणि 'बटणाकडे' दुसरीत असं करू नकोस. दोन ओळींच्या वर जाऊ नकोस. आणि शिट्टीसारखे आवाजही लिही, '(कुकरची शिट्टी)', नाहीतर ती गंमत आईपर्यंत पोहोचणारच नाही. झाल्यावर आवाज बंद करून मित्राला दाखव. कॅप्शन वाचून झाल्यावर त्याला चित्राकडे बघायला वेळ उरला, तर वेग बरोबर. नुसता वाचतच बसला, तर शब्द जास्त आहेत.

टाईप करून आधी ही ओळ बघ: शिट्टी, तीर्थरूप, कृष्णा. 'शि' ची वेलांटी उजवीकडे पळाली किंवा 'र्थ' चा रफार सुटा पडला, तर सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नाहीये. प्रीमियरमध्ये टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` केलं की बहुधा सुटतं. फाँट युनिकोडच घे, मुक्ता किंवा नोटो चालेल. ओळींमध्ये जागा थोडी वाढव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर बसतात.

गाण्याबद्दल थोडक्यात: शब्द असलेलं गाणं नको, बोलण्याशी भांडतं. नुसतं वाद्य घे आणि तू बोलत असताना ते तुझ्या आवाजापेक्षा 18-20 डेसिबलनं खाली ठेव. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आधी व्यंजनं जातात, संगीत त्यांच्यावरच बसतं. माझ्या पहिल्या कामात मी बासरी मस्त मोठी ठेवली होती. आजीनं शेवटी विचारलं, 'छान वाजवतो, पण नात काय म्हणाली?'

शेवटचं, कॅप्शन चित्रातच पक्के करून एक्स्पोर्ट कर. वेगळी फाईल दिलीस तर बऱ्याच टीव्हींवर देवनागरीचे चौकोन दिसतात. तयार व्हिडिओ चुलतभावाला डॉक्युमेंट म्हणून पाठव, पेन ड्राइव्हवर घालून एक दिवस आधी घरच्या टीव्हीवर लावून बघायला सांग, आई-बाबा घरी नसताना.