क्रियाविशेषण काढलं, पण अर्थ सांडला नाही ना?

प्रश्न: मुलगी नववीत आहे. उताऱ्यातली ‘जोरात पळाले’सारखी जोडी काढून एकच जोरकस क्रियापद घालायचं, पण अर्थ बदलू द्यायचा नाही, असा गृहपाठ आहे. आम्ही खेड्यातले, इथं शिकवणी नाही. बरोबर आलं हे कसं ओळखायचं?

उत्तर: मी यवतमाळकडच्या एका गावात संध्याकाळी पोरांना मराठी शिकवतो. असा उतारा आपल्या वावरातलाच घेऊ:

“ढग हळूहळू जमा झाले. वीज जोरात वाजली आणि बैल घाबरून जोरात पळाले. बाबा गड्यावर रागाने मोठ्याने ओरडले. आईने मला हळू आवाजात सांगितलं, ‘ताडपत्री आण.’ एकदम जोरात पाऊस पडला. बंडीतला कापूस पूर्ण ओला झाला.”

नवं क्रियापद सुचलं की काढलेला शब्द त्याच्यापुढे परत लावून वाचायचा. कानाला दुबार वाटला तर तो क्रियापदात मुरलाय, खुशाल काढा. ‘मोठ्याने खेकसले’, ‘रागाने खेकसले’ दोन्ही दुबार वाटतात, म्हणून ‘बाबा गड्यावर खेकसले’ एवढंच पुरे. ‘किंचाळले’ मात्र नको. त्यात रागाऐवजी भीती किंवा वेदना शिरते. ‘जोरात कडाडली’ही तसंच, तिथं नुसतं ‘वीज कडाडली’.

आता पाऊस. ‘जोरात कोसळला’ दुबार आहे, ‘एकदम कोसळला’ नाही. कोसळण्यात जोर आहे, पण तो अचानक आला हे त्यात नाही. म्हणून ‘एकदम’ ठेवायचं. पोरं हमखास इथंच घसरतात, कारण जोडी दिसली की सगळंच खोडून टाकतात. बैलांचंही तेच: ‘उधळले’ म्हटल्यावर ‘जोरात’ गळतं, पण बैल मस्तीतही उधळतो. भीती राखायची तर ‘बुजून उधळले’. ढगांना ‘दाटले’ म्हटलं तर संथपणा जातो. ‘दाटत गेले’ म्हटलं की तो राहतो. कापसाला ‘ओला झाला’ऐवजी ‘भिजला’ म्हणा, पण ‘पूर्ण’ राहू द्या. ‘चिंब’ घातलं तर एक क्रियाविशेषण काढून दुसरं आणलं, एवढंच होईल.

आईच्या वाक्यात वेगळी मेख आहे. ‘सांगितलं’ला ‘आईने’ चालतं, ‘कुजबुजली’ला नाही. मुलं ‘आईने मला कुजबुजली’ लिहून मोकळी होतात. क्रियापद बदललं की कर्त्याचा ‘ने’ आणि पुढचा ‘मला’ दोन्ही तपासायला लावा: ‘आई माझ्याशी कुजबुजली’. ‘पुटपुटली’ही जमणार नाही, कारण माणूस स्वतःशीसुद्धा पुटपुटतो आणि इथं निरोप पोचायला हवा.

शेवटी उतारा असा होतो:

“ढग दाटत गेले. वीज कडाडली आणि बैल बुजून उधळले. बाबा गड्यावर खेकसले. आई माझ्याशी कुजबुजली, ‘ताडपत्री आण.’ एकदम पाऊस कोसळला. बंडीतला कापूस पूर्ण भिजला.”

आणि ‘ताडकन उठला’, ‘धाडकन पडला’ असं काही आलं तर बदलायच्या भानगडीत पडू नका. तिथं सगळा जोर त्या ‘ताडकन’मध्येच असतो.