घरपोच ऑर्डरची किमान रक्कम कशी ठरवावी

शेजारच्या दुकानदाराची किमान रक्कम उचलण्याआधी तुमच्या एका फेरीचा खर्च काढा. समजा, पोऱ्याचा पगार 12,000 आणि पेट्रोल-पिशव्यांचे 3,000 धरून महिन्याला 600 ऑर्डर पोहोचतात, तर प्रत्येक ऑर्डरमागे 25 रुपये जातात. किराण्यावर सरासरी 10 टक्के सुटत असतील, तर 250 रुपयांच्या ऑर्डरवर हाती काहीच उरत नाही. म्हणून निम्मा नफा तरी राहावा यासाठी किमान रक्कम 500 ठेवावी आणि त्याखालील ऑर्डरवर 25 रुपये सरसकट घ्यावेत.

खरी गळती मात्र तेल-साखरेत असते. नुसता तेलाचा डबा आणि साखर अशा 600 रुपयांच्या ऑर्डरवर 4 टक्क्यांनी 24 रुपयेच सुटतात, म्हणजे फेरीचा खर्चही निघत नाही. त्यामुळे या वस्तू किमान रकमेत मोजू नयेत आणि हे ग्राहकाला ऑर्डर घेतानाच सांगावे.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये गेटवरची नोंद आणि लिफ्टची वाट यांतच बराच वेळ जातो, तेव्हा एका संकुलाच्या ऑर्डर ठरावीक वेळी एकत्र पाठवाव्यात. गिऱ्हाईक कुरकुरते, पण सहसा तुटत नाही.