काच खाली जाते ना? मग मोटर निर्दोष

प्रश्न: ड्रायव्हरकडची काच बटणाने खाली जाते, पण वर येत नाही. वरचं बटण दाबलं की काहीच आवाज नाही. गॅरेजवाला म्हणतो मोटर गेली, अख्खी असेंब्ली बदला. पाऊस तोंडावर आलाय, बदलू का?

नका बदलू. ‘मोटर गेली’ हे तपासणी न करता देता येणारं सगळ्यात सोपं उत्तर आहे, आणि त्यात बिलही मोठं होतं.

साध्या पॉवर विंडोच्या मोटरला दोनच वायरी असतात. एकीला १२ व्होल्ट आणि दुसरीला अर्थ मिळाला की काच खाली जाते, उलट झालं की वर येते. दोन्ही वेळा मोटर तीच, ब्रश तेच आणि वायरीही त्याच. म्हणजे काच खाली गेली की फ्यूज, मोटर आणि दारातल्या दोन्ही वायरी एका झटक्यात पास झाल्या. राहिला स्विच.

स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात, एक ‘वर’चा आणि एक ‘खाली’चा. बटण मोकळं असताना दोन्ही अर्थवर टेकलेले असतात, आणि जे बटण दाबाल तेवढाच कॉन्टॅक्ट उचलून १२ व्होल्टवर जातो. तुमच्या बाबतीत ‘वर’चा कॉन्टॅक्ट १२ व्होल्टवर नीट टेकत नाहीये, किंवा ‘खाली’चा कॉन्टॅक्ट अर्थवर टेकत नाहीये. मुंबईत हे नेहमी ड्रायव्हरच्याच दारात का होतं? पार्किंगची पावती घ्यायला भर पावसात तीच काच उघडते, आणि पाणी थेट आर्मरेस्टवरच्या बटणांत उतरतं. वर खारी हवा आहेच. तांब्यावर हिरवट थर चढतो, मग ठिणग्या पडून काळी काजळी जमते.

खात्री करायला मल्टिमीटर लावू नका, इथे तो फसवतो. कॉन्टॅक्ट केसभर टेकला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळपास ओढतच नाही. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. दाराचं पॅड काढा (हँडलमागचा आणि आर्मरेस्टमधला स्क्रू, मग खालच्या कडेपासून क्लिपा), आतला प्लॅस्टिकचा कागद न फाडता सोडवा, मोटरचा कनेक्टर काढा आणि त्याच्या दोन पिनांमध्ये बल्ब लावा. ‘खाली’ दाबल्यावर लख्ख पेटला आणि ‘वर’ दाबल्यावर मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर स्विच दोषी. विषय संपला.

पाऊस सुरू झालाय आणि काच अर्ध्यावर अडकलीय? मोटर आणि कनेक्टर यांच्यामध्ये वायरीचे दोन तुकडे फुली मारून जोडा. आता ‘खाली’चं बटण दाबलं की काच वर येईल. टोकं उघडी ठेवू नका, टेप मारा.

स्विच उघडताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून उघडा, नाहीतर आतली स्प्रिंग उडून सीटखाली जाते. काजळी पेन्सिलच्या खोडरबराने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने काढा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसते. तांब्यात खड्डा पडला असेल तर सफाई फार दिवस टिकणार नाही. मग नुसता स्विच बदला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, पिना मात्र मोजून घ्या.

काच वर येताना गुंऽऽ करत मध्येच थबकत असेल आणि आतला दिवा मंद होत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे करंट पोचतोय, ओझं जास्त आहे. काचेच्या दोन्ही बाजूंचं रबर सुकून काच पकडत असतं. त्यावर सिलिकॉन स्प्रे मारायचा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल मारलं तर रबर फुगतं आणि काच आणखी आवळते. बराच वेळ बटण दाबून धरलं तर मोटर तापून स्वतःच बंद पडते आणि थंड झाली की चालू होते. तीही ‘गेलेली’ नसते. कटकट आवाज येतोय, काच एका बाजूला कलतेय, तर मात्र काच वर-खाली नेणाऱ्या रेग्युलेटरची केबल ड्रमवर उसवलीय किंवा प्लॅस्टिकचा स्लायडर तुटलाय. तिथे रेग्युलेटर बदलावाच लागतो. तरी मोटर स्क्रू काढून वेगळी होत असेल, तर जुनीच मोटर नव्या रेग्युलेटरवर बसवायला सांगा.

एक राहिलं: हा सगळा हिशोब साध्या स्विचचा. एका टिचकीत काच पूर्ण वर जाते आणि मध्ये हात आला तर परत फिरते अशी गाडी असेल, तर बटण फक्त इशारा देतं आणि मोटर आतलं मॉड्यूल चालवतं. तिथे वरची बल्बची चाचणी आणि फुलीची युक्ती दोन्ही करू नका. बॅटरी काढल्यानंतर अशी काच अर्ध्यावर थांबू लागली, तर थोडी थोडी करत पूर्ण वर न्या आणि बटण काही सेकंद वर ओढून धरा. बहुतेक गाड्यांत सेटिंग तेवढ्याने परत बसतं. नेमकी पद्धत तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असते.